सूचक आणि कारण : पीक-अनुमानाच्या अहवालाची भाषा

आमच्या कचेरीत उन्हाळ्यात टँकरची एक नोंदवही असे. कोणत्या गावाने पाण्याच्या टँकरची मागणी कोणत्या तारखेस केली व ती केव्हा मंजूर झाली, हे तीत लिहावयाचे. ज्या वर्षी ही वही लवकर भरे, त्या वर्षी त्या गावांची पैसेवारी पुष्कळ वेळा कमीच आलेली असे. ज्याने दहा-बारा वर्षे ती वही हाताळली, त्यास नुसत्या तिच्या जाडीवरून मागील हंगाम कसा गेला हे बऱ्याच अंशी सांगता येई. तथापि वही जाळून टाकावी, म्हणजे पैसेवारी सुधारेल, असे कोणी शहाण्या कारकुनाने कधी सुचविले नाही. वही हे दुष्काळाचे चिन्ह होते, दुष्काळाचे कारण नव्हते. हा भेद कचेरीतील शिपायासही समजत असे. परंतु तीच गोष्ट संगणकातून आकड्यांच्या व रंगीत पट्ट्यांच्या रूपाने बाहेर आली, की चांगल्या जाणत्या मंडळींसही तिचा विसर पडतो, असा अनुभव हल्ली येऊ लागला आहे. म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले.

प्रसंग असा घडला. एका सहकारी संस्थेच्या बैठकीस प्रस्तुत लेखक पाहुणा म्हणून हजर होता. तेथे सोयाबीनच्या उत्पन्नाचे आगाऊ अनुमान करणारा एक अहवाल वाचण्यात आला. अहवालात महसूल मंडळवार अंदाज होते आणि शेवटी 'उत्पन्नावर परिणाम करणारे महत्त्वाचे घटक' या मथळ्याखाली एक कोष्टक होते. त्या कोष्टकात पहिला क्रमांक 'दुबार पेरणीचे क्षेत्र' यास मिळाला होता. पाऊस दुसरा, पावसाचा खंड तिसरा. हे ऐकताच एका सभासदाने सूचना मांडली की, ज्याअर्थी दुबार पेरणी हेच उत्पन्न घटण्याचे सर्वांत मोठे कारण ठरले आहे, त्याअर्थी संस्थेने यापुढे दुबार पेरणीसाठी बियाणे उधार देऊ नये. पैसाही वाचेल आणि तालुक्याचे सरासरी उत्पन्नही वाढेल. सूचना नामंजूर झाली नाही. पुढील बैठकीवर ढकलली गेली. ती मंजूर झाली तर ज्याचे पहिले पेरलेले करपून गेले, त्या शेतकऱ्याच्या हाती जुलै महिन्यात काहीच उरणार नाही. अहवालाच्या मथळ्यातील 'परिणाम करणारे' या दोन शब्दांतून एवढा अनर्थ उद्भवू शकतो.

अहवाल लिहिणाराचे गणित चुकले होते असे आमचे म्हणणे नाही. चूक गणितात नसून गणिताचा अर्थ सांगणाऱ्या भाषेत होती. ती कशी, हे समजण्यास अशा अनुमानाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

संगणकावर काम करणारे लोक ज्यास मॉडेल म्हणतात, त्यास आपण या लेखात गणिती ठोकताळा म्हणू. मागील अनेक वर्षांची, अनेक मंडळांची माहिती घ्यावयाची. प्रत्येक ओळीत एक मंडळ व एक वर्ष. ओळीच्या शेवटी पीक कापणी प्रयोगातून निघालेले दर हेक्टरी उत्पन्न, आणि त्याच्या आधीच्या रकान्यांत ऑगस्टअखेर हाती असलेली माहिती : जून-जुलैचा पाऊस, पावसाचा सर्वांत लांब खंड किती दिवसांचा, दुबार पेरणीचे क्षेत्र शेकडा किती, जमिनीची खोली, इत्यादी. या आधीच्या रकान्यांस आपण सूचक म्हणू. गणिती ठोकताळा इतकेच शिकतो की, सूचकांची अमुक मांडणी दिसली असता मागे उत्पन्न साधारण किती आले होते. कोणती गोष्ट आधी घडली, कोणती कशामुळे घडली, शेतकऱ्याने काय विचार करून काय केले, हे त्यास कोणी सांगत नाही आणि ते तो विचारीतही नाही.

आता 'महत्त्व' कसे काढतात ते पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. समजा, ठोकताळा शिकविताना जी मंडळे बाजूस ठेवली होती, त्यांच्यावर तो पडताळून पाहिला, तेव्हा त्याचे अनुमान सरासरीने हेक्टरी १५० किलोने चुकले. मग दुबार पेरणीच्या रकान्यातील आकडे पत्त्यांप्रमाणे पिसले. म्हणजे एका मंडळाचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत गेला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. बाकीचे रकाने जसेच्या तसे ठेवले. आता चूक १५० वरून २३० किलो झाली. पावसाचा रकाना असाच पिसला तर ती १९० झाली, खंडाचा पिसला तर १८०, आणि जमिनीच्या खोलीचा पिसला तर १६०. या वाढीच्या क्रमाने जी यादी होते, तीच 'महत्त्वाच्या घटकांची' यादी. दुबार पेरणीस ८०, पावसास ४०, खंडास ३०, खोलीस १०.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाहावे की, आपण मोजले काय? आपण कोणाचे शेत नांगरले नाही, कोणास पेरू दिले नाही, कोणास पेरण्यापासून थांबविले नाही. कागदावरील एक रकाना बिघडविला आणि ठोकताळ्याचे अनुमान किती बिघडते ते पाहिले. म्हणजे ८० हा आकडा शेतातील उत्पन्नाविषयी नसून, या ठोकताळ्याने त्या रकान्यावर किती भिस्त ठेवली आहे, याविषयी आहे. दुबार पेरणी बंद केली असता हेक्टरी ८० किलो जास्त पिकेल, असा त्याचा अर्थ कोणत्याही रीतीने निघत नाही. किंबहुना अनुमानाची चूक वाढली की घटली एवढेच त्यात कळते. उत्पन्न वाढते की घटते, ही दिशासुद्धा त्या आकड्यात नाही.

शिवाय हे महत्त्व सूचकाच्या अंगचे स्थिर गुणही नव्हे. समजा, दुबार पेरणीचा रकाना आपण मुळातच काढून टाकला आणि उरलेल्या रकान्यांवर ठोकताळा नव्याने शिकविला. तर चूक १५० वरून २३० होईल अशी आपली अपेक्षा; प्रत्यक्षात ती फक्त १६० होते. असे का? कारण जेथे जूनच्या अखेरीस वीस-बावीस दिवसांचा खंड पडला, तेथेच बहुधा दुबार पेरणी झाली. एकीची बातमी दुसऱ्याच्या पोटात असते. दुबारचा रकाना गेला, तर ठोकताळा तीच बातमी पावसाच्या व खंडाच्या रकान्यांतून काढून घेतो. केवळ खंडाचा रकाना काढला तरी चूक जेमतेम १५५ होते. पण दुबार व खंड हे दोन्ही एकदम काढले, तर मात्र ती एकदम २२० वर जाते. म्हणजे दोघांकडे मिळून पुष्कळ माहिती होती, आणि यादीत ती कोणाच्या नावे किती चढावी, हे बऱ्याच अंशी ठोकताळ्याच्या घडणीवर अवलंबून होते. एकाच जमिनीवर दोन भावांची नावे सातबाऱ्यावर असावीत आणि कोणाची किती हे लिहिलेले नसावे, तशीच ही स्थिती. अशा यादीतील पहिला व तिसरा क्रमांक यांवरून संस्थेचे धोरण ठरविणे हे धाडसाचे आहे.

आता दुबार पेरणीचाच विचार करू. सोयाबीन पेरण्यापूर्वी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस पडू द्यावा, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. तथापि मृगाची एक चांगली सर पडली की धीर धरवत नाही, हेही तितकेच खरे. पेरले, उगवले आणि पावसाने पाठ फिरविली, म्हणजे रोपे करपतात. मग जुलैत पुन्हा पाऊस आला की, ज्यास शक्य असेल तो दुसऱ्यांदा पेरतो. हे पीक उशिराचे. त्यास वाढीचे दिवस कमी मिळतात. परतीचा पाऊस लवकर गेला तर शेंगा भरत नाहीत. त्यामुळे ते कमी उतरते. येथपर्यंत सर्व शेतकऱ्यांस ठाऊक आहे.

समजा, एका शिवारात पहिलीच पेरणी टिकली तेथे एकरी ९ क्विंटल, दुबार पेरणी झाली तेथे ५ क्विंटल, आणि पहिली करपून पुन्हा पेरलेच नाही तेथे शून्य उत्पन्न आले. गणिती ठोकताळा ९ आणि ५ यांतील अंतर पाहतो आणि दुबार पेरणी दिसली की कमी उत्पन्नाचे अनुमान करतो. अनुमान म्हणून ते बरोबर आहे. पण ज्या शेतकऱ्याचे रोप जूनमध्येच करपले, त्याच्यापुढे ९ क्विंटलांचा पर्याय उरलेलाच नाही. त्याच्यापुढे ५ आणि शून्य एवढेच दोन मार्ग. त्याने पुसावयाचा प्रश्न असा की, पुन्हा पेरले तर काय आणि न पेरले तर काय. या प्रश्नाचे उत्तर त्या कोष्टकात नाही. असलेच तर अगदी उलट दिशेस आहे. कमी पाऊस हे दोहोंचे मूळ : त्यानेच पहिले पीक मारले आणि त्यानेच दुबार पेरणी भाग पाडली. वैद्याच्या दारातील गर्दी पाहून वैद्यच रोग पसरवितो असे म्हणण्यासारखाच हा न्याय झाला.

येथे आणखी एक सावधगिरी राखली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्याच दोषास पात्र होऊ. ५ आणि शून्य यांतील सर्व अंतर दुबार पेरणीचेच, असेही लगेच म्हणता येत नाही. ज्याने पुन्हा पेरले त्याजवळ कदाचित बियाण्यास पैसा असेल, विहिरीस पाणी असेल, जमीन अधिक खोल असेल. ज्याने पडीक ठेवले तो कदाचित सर्वच बाजूंनी दुबळा असेल. खरा लाभ जाणावयाचा तर सारख्या जमिनीच्या, सारख्या पाण्याच्या, सारखीच पेरणी करपलेल्या शेतांची तुलना केली पाहिजे. आणि त्याहून उत्तम म्हणजे प्रयोगक्षेत्रावर चिठ्ठ्या टाकून काही वाफे पुन्हा पेरावे व काही तसेच ठेवावे. कारण शोधण्याची ही वाट निराळी आहे. अनुमानाच्या यादीतून ती जात नाही.

यावर कोणी म्हणेल की, जी गोष्ट कारण नव्हे तीवरून अनुमान करणे हेच मुळात लबाडीचे आहे. असे मात्र नाही. सूचकाने कारण असावे अशी अटच नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या मान्सूनच्या अंदाजाच्या इतिहासात आहे. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० नंतरच्या दशकात हिमालयातील बर्फावरून पुढील पावसाचा अंदाज बांधण्यास आरंभ केला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी बर्फासोबत मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, झांझिबारकडील पाऊस, अशा दूरदूरच्या गोष्टींची सांगड आपल्या पावसाशी घातली. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी सोळा सूचकांचा ठोकताळा बसविला. त्यात अर्जेंटिनातील हवेचा दाब व युरेशियातील बर्फ हीदेखील होती. पुढे २००७ पासून वापरात आलेल्या पद्धतीत वायव्य युरोपातील जानेवारीचे तापमान हा एक सूचक होता. आता युरोपातील लोकांनी जानेवारीत शेकोट्या पेटवून हवा तापविली, तर आमच्या पारनेर तालुक्यात जुलैत पाऊस वाढेल, असे कोणी मानीत नाही. वातावरणाच्या एखाद्या विशाल घडामोडीची खूण तेथे आधी उमटते आणि येथे मागाहून, एवढेच त्यातून अभिप्रेत असावयाचे. खूण उपयोगी असते. मात्र ती खूण म्हणूनच वापरली पाहिजे.

आणि खूण ही खूणच असल्यामुळे ती पुढेमागे पुसलीही जाते. सूचकाचे पावसाशी असलेले नाते कारणाच्या दोरीने घट्ट बांधलेले नसेल, तर काळ बदलला की ते सैल पडते. सोळा सूचकांपैकी काहींचे तसेच झाले आणि २००३ मध्ये तो ठोकताळा बाजूस ठेवून कमी सूचकांचे नवे ठोकताळे हाती घेण्यात आले. ते का घ्यावे लागले, हे पाहता आपण या विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे येतो. ते अंग म्हणजे अनुमानाचा ताळा.

गणितात उत्तर काढल्यावर ताळा पाहावयाचा असतो, तसाच अनुमानाचाही पाहावयाचा असतो. सोळा सूचकांच्या अंदाजासोबत 'चार टक्के इकडे किंवा तिकडे' अशी चुकीची मर्यादा सांगितली जात असे. १९९४ मध्ये सरासरीच्या ९२ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला सुमारे ११० टक्के. १९९७ मध्ये पुन्हा ९२ टक्क्यांचा अंदाज होता. पडला सुमारे १०२ टक्के. २००२ मध्ये अंदाज १०१ टक्क्यांचा, आणि पाऊस पडला सुमारे ८१ टक्के. एखादे वर्ष चुकणे हा दोष नव्हे; कोणतेही अनुमान कधीतरी चुकणारच. परंतु चार टक्क्यांची मर्यादा सांगावयाची आणि वरचेवर दहा-वीस टक्क्यांनी चुकावयाचे, म्हणजे आपल्या ज्ञानाविषयीचा आपला अंदाजच खोटा ठरला असे होते. ताळा पाहणे याचा अर्थ हाच : ठोकताळा जेवढी खात्री बोलून दाखवितो, तेवढी त्यास खरोखर शोभते काय?

आमच्या सोयाबीनच्या अहवालात प्रत्येक मंडळापुढे 'उत्पन्न उंबरठ्याखाली जाण्याची शक्यता' शेकडेवारीने दिली होती. उंबरठा उत्पन्न म्हणजे काय, हे पीक विमा भरणाऱ्या वाचकांस सांगणे नलगे. अशा शेकडेवारीचा ताळा एका मंडळावरून पाहता येत नाही. शक्यता शेकडा ३० सांगितली आणि उत्पन्न उंबरठ्याखाली गेले, तर अनुमान खोटे ठरले असे नाही. न गेले तर खरे ठरले असेही नाही. ज्या ज्या मंडळांस शेकडा ३० च्या आसपास शक्यता सांगितली होती, ती सर्व एकत्र करावयाची आणि त्यांपैकी खरोखर किती उंबरठ्याखाली गेली ते मोजावयाचे. शंभरांत तीसच्या आसपास गेली असतील, तर त्या पायरीवर ताळा जमला.

पुन्हा कल्पित आकड्यांनीच पाहू. शिकविण्यात न वापरलेल्या पाच वर्षांची मिळून ३०० अनुमाने घेतली. शेकडा १० च्या आसपास शक्यता १२० ठिकाणी सांगितली होती. तेथे १४ वेळा उत्पन्न उंबरठ्याखाली गेले. शेकडा ३० ची १०० ठिकाणी. तेथे ३१ वेळा. शेकडा ७० ची ८० ठिकाणी. तेथे ४४ वेळा. पहिल्या दोन पायऱ्यांवर ताळा चांगला जमला. तिसऱ्या पायरीवर मात्र ८० पैकी ५६ अपेक्षित असता ४४ च गेली, म्हणजे शेकडा ५५. ठोकताळा जेव्हा मोठ्याने बोलतो तेव्हा वाजवीपेक्षा जास्त बोलतो, असा याचा अर्थ. सर्वांची एकत्र बेरीज केली असती, तर ९८ अपेक्षित व ८९ प्रत्यक्ष, असे फारसे न खटकणारे अंतर दिसले असते आणि हा दोष झाकला गेला असता. म्हणून ताळा पायरीपायरीने द्यावा, एका बेरजेत गुंडाळू नये.

आणखी एक गोष्ट आहे, जी शेतकऱ्यास लवकर पटते आणि आकडेवाल्यांस उशिरा. शेकडा ७० च्या पायरीवरील ८० मंडळांपैकी समजा ६० एकाच दुष्काळी वर्षाची आहेत. मग ती ६० निरनिराळी साक्ष नव्हे. एकाच आभाळाखालची ती साठ शेते आहेत. एका साक्षीदाराने साठ वेळा तेच सांगितले, म्हणून साक्षीदार साठ होत नाहीत. ताळा किती मंडळांवर पाहिला हे सांगताना तो किती वर्षांवर पाहिला, हे आधी सांगितले पाहिजे.

आता ज्या ठिकाणी हे दोन्ही धागे एकत्र येतात, तेथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. बैठकीतील त्या सभासदाचे दुसरे म्हणणे असे होते की, ज्याचे अंदाज इतके ताळ्यास उतरतात, त्याने दाखविलेली कारणे खोटी कशी असतील? हा तर्क सकृद्दर्शनी सरळ दिसतो, पण तो टिकत नाही. टँकरच्या नोंदवहीवरूनही ताळ्यास पक्के उतरणारे अनुमान करता येईल. ताळा जमणे याचा अर्थ एवढाच की, पूर्वीसारखीच परिस्थिती चालू राहिली तर सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी जुळेल. परिस्थितीत आपण हात घातला तर काय होईल, याविषयी ताळा काहीच बोलत नाही.

हे सोयाबीनच्याच उदाहरणावर करून पाहू. समजा, संस्थेने सूचना मान्य केली आणि बियाण्याची उधारी बंद केली. पुढील वर्षी पुन्हा जूनमध्ये खंड पडला, रोपे करपली. पण बियाणे न मिळाल्यामुळे दुबार पेरणी झालीच नाही. ठोकताळ्याच्या रकान्यात 'दुबार पेरणी : शून्य' असे लागले. आजवर ज्या मंडळांच्या रकान्यात शून्य होते, ती बहुधा चांगल्या पावसाची, पहिलीच पेरणी टिकलेली मंडळे होती. ठोकताळ्याने तेच शिकले आहे. खंडाच्या रकान्यावरून त्यास थोडीफार शंका येईल. तथापि ज्या सूचकावर त्याची सर्वांत अधिक भिस्त, तोच सूचक सर्व ठीक आहे असे सांगत असल्यामुळे, तो या मंडळास कमी धोक्याच्या पायरीवर बसवील. शेत उघडे पडलेले असेल आणि कागदावर शक्यता शेकडा दहा-पंधरा लिहिलेली असेल. म्हणजे सूचकास कारण समजून आपण त्यावर घाव घातला, तर शेतकऱ्याचे पीक जाते ते जातेच. शिवाय काल ताळ्यास उतरणारे अनुमानही त्याच घावाने मोडते. ज्या कोष्टकाच्या भरवशावर निर्णय घेतला, ते कोष्टकच त्या निर्णयाने निकामी होते.

तर मग अहवालाची भाषा कशी असावी? आमची सूचना अगदी साधी आहे. 'उत्पन्नावर परिणाम करणारे महत्त्वाचे घटक' हा मथळा काढून 'अनुमानास उपयोगी पडलेले सूचक' असा मथळा द्यावा. 'दुबार पेरणीमुळे उत्पन्न घटते' असे न लिहिता, 'ज्या मंडळांत दुबार पेरणीचे क्षेत्र अधिक होते, तेथे या ठोकताळ्याने कमी उत्पन्नाचे अनुमान केले' असे लिहावे. 'दुबार पेरणीचा प्रभाव ८० किलो' असे न लिहिता, 'हा रकाना पिसला असता अनुमानाची सरासरी चूक १५० वरून २३० किलो झाली. रकाना काढून ठोकताळा नव्याने शिकविला असता ती १६० च झाली, कारण पावसाच्या खंडाच्या रकान्यात हीच माहिती बरीचशी आहे' असे लिहावे. वाक्य लांबते खरे. पण जे मोजले तेच त्यात येते. 'मुळे', 'परिणाम', 'प्रभाव', 'कारणीभूत', 'वाढविल्यास', 'कमी केल्यास' या शब्दांवर लिहिणाराने लाल शाईने खूण करावी आणि प्रत्येकापुढे स्वतःस विचारावे की, हे मी शेतात करून पाहिले आहे काय? ताळ्याविषयी लिहितानाही 'ठोकताळा विश्वसनीय आहे' एवढ्यावर भागवू नये. कोणत्या पायरीवर किती सांगितले व किती घडले, कोणत्या वर्षांत पाहिले, कोणत्या प्रकारच्या जमिनीत पाहिले, आणि परिस्थितीत बदल केल्यास हा ताळा लागू राहील असे समजू नये, हे स्पष्ट लिहावे.

या सूचनेवर एक आक्षेप येईल तो आम्हांस मान्य आहे. पाऊस हा सूचकही आहे आणि कारणही आहे. मग तेथेही एवढा संकोच का? याचे उत्तर असे की, पावसाने पीक येते हे आपणांस त्या यादीतून कळलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीने, झाडाच्या जीवनक्रमाच्या अभ्यासाने आणि पाणी देऊन व न देऊन पाहिलेल्या प्रयोगांनी कळले आहे. ज्याचे कारणत्व अन्यत्र सिद्ध आहे, त्याविषयी तसे जरूर लिहावे, पण पुरावा कोठला हे सांगून. यादीतील क्रमांकाच्या बळावर नव्हे. त्या यादीत पाऊस दुसरा आला म्हणून त्याचे कारणत्व कमी झाले नाही, आणि दुबार पेरणी पहिली आली म्हणून तीस ते प्राप्त झाले नाही.

अहवाल टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. ज्या कामासाठी तो केला आहे, त्या कामास तो चांगला आहे. कोणत्या मंडळांत उत्पन्न कमी येण्याचा संभव अधिक, तेथे कडबा व चारा आधी पोहोचवावा, वसुलीचा तगादा तेथे सबुरीने करावा, पीक कापणी प्रयोगांवर देखरेख तेथे अधिक ठेवावी, हे ठरविण्यास कारण कळण्याची गरज नाही, खूण पुरते. मात्र वरच्या पायरीवरील शेकडा ७० हे प्रत्यक्षात शेकडा ५५ च्या जवळ आहे, हे ध्यानात घेऊन तयारी करावी. आणि दुबार पेरणीस बियाणे द्यावे की नाही, हा प्रश्न त्या कोष्टकापुढे मुळीच नेऊ नये. तो ज्यांची पहिली पेरणी करपली आहे, अशा शेतांच्या बांधावर नेऊन सोडवावा. पुढील बैठकीत त्या सभासदांनी सूचना पुन्हा मांडण्यापूर्वी, आपल्याच गावात गेल्या खंडाच्या वर्षी पुन्हा पेरणाऱ्या व न पेरणाऱ्या, सारख्या जमिनीच्या दहा-दहा शेतकऱ्यांच्या घरी किती पोती आली, एवढे जरी लिहून आणले, तरी संस्थेस त्या रंगीत पट्ट्यांपेक्षा अधिक उपयोगाचे काही हाती लागेल.